सोडलेलं नाव कुणाचं?

मागच्या वर्षी मी एका फोटो टाकायच्या ॲपवरचं माझं हँडल बदललं. जुनं हँडल पाच वर्षं वापरलेलं होतं, त्यात माझं लाडाचं नाव आणि जन्मसाल होतं. आता मी पक्ष्यांची चित्रं काढून त्यांच्या छोट्या पुस्तिका विकते, तेव्हा ते जरा पोरकट वाटायला लागलं होतं. सेटिंगमध्ये गेले, नवं नाव टाइप केलं, हिरवी खूण आली, ‘सेव्ह’ दाबलं. सगळं मिळून वीस सेकंद लागली असतील. खाली करड्या, बारीक अक्षरांत एक ओळ होती: काही दिवस तुम्ही जुन्या नावावर परत येऊ शकता. मी ती वाचली आणि मला ती माझ्या सोयीची वाटली. ‘काही दिवसांनंतर ते नाव तुमचं राहणार नाही, कुणाचंही होऊ शकेल’ हा त्याच ओळीचा दुसरा अर्थ माझ्या लक्षातच आला नाही.

अडीच महिन्यांनी एका अनोळखी वाचकाचा मेल आला. ‘ताई, तुम्ही पुस्तिकेच्या पुढच्या भागासाठी आगाऊ पैसे मागितलेत का?’ मी मागितले नव्हते. त्यांनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यात माझं जुनं हँडल होतं, माझाच जुना प्रोफाइल फोटो होता, परिचयाची ओळही माझीच, स्वल्पविरामासकट. फॉलोअर अकरा. त्यांना हे हँडल सापडलं कुठून, तर माझ्याच पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर. तिथे मी ते छापलं होतं.

मी तक्रार केली. तोतयेगिरीचा अर्ज उघडला तर पहिलाच प्रश्न असा की ज्या नावाचा गैरवापर होतोय ते तुमचं असल्याचं दाखवा. आता काय दाखवणार? नाव माझं नव्हतंच. मी स्वतःच्या हाताने ते सोडलं होतं, आणि ॲपच्या नियमांप्रमाणे ते त्या माणसाने रीतसर घेतलं होतं. फोटो माझा म्हणून तेवढा काढला गेला. हँडल आजही त्याच्याकडे आहे. म्हणूनच ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर त्याचीच जाहिरात व्हायची.

हे सांगितलं की मित्रमंडळी हमखास एकच उपाय सुचवतात: नाव बदलण्यावरच कडक मर्यादा हवी. वर्षातून एकदा, नाहीतर आयुष्यात एकदाच. वारंवार नावं बदलता येतात म्हणून हा घोळ होतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. किती वेळा बदलायचं हा प्रश्न दुय्यम आहे. खरा प्रश्न आहे सोडलेल्या नावाचं काय करायचं हा, आणि त्याचं माझं उत्तर सरळ आहे: एकदा वापरात आलेलं नाव दुसऱ्या कुणाला कधीच देऊ नये.

असं का म्हणते ते कळायला आधी आतली रचना थोडी पाहावी लागेल. आपल्याला वाटतं की अकाउंट म्हणजे ते नाव. आत तसं नसतं. अकाउंट उघडताना यंत्रणा तुम्हाला एक क्रमांक देते आणि तो बदलत नाही. तुमचे फोटो, फॉलोअर, संदेश सगळे त्या क्रमांकाला बांधलेले असतात. नाव ही दारावरची पाटी. पाटी बदलली तरी घरातलं सामान जागचं हलत नाही, म्हणून हँडल बदलल्यावर फॉलोअर तेवढेच राहतात. ट्विटरवर हे मजेशीर रीतीने दिसायचं: एखाद्या ट्विटच्या लिंकमधलं नाव खोडून तिथे काहीही लिहिलं, तरी शेवटचा लांबलचक आकडा बरोबर असला की तेच ट्विट उघडायचं. यंत्रणा नाव बघतच नव्हती.

म्हणजे यंत्रणेला नावाची गरज नाही, गरज आहे ती माणसांना. माणसांनी ते नाव कुठेकुठे लिहून ठेवलेलं असतं: मेलच्या सहीखाली, छापील पुस्तकात, दुसऱ्या कुणाच्या लेखात, एखाद्या फलकावर, मैत्रिणीच्या लक्षात. या सगळ्या नोंदी यंत्रणेच्या बाहेर आहेत. नाव बदलताना आतल्या सगळ्या नोंदी एका झटक्यात दुरुस्त होतात, बाहेरची एकही होत नाही. सोडलेलं नाव दुसऱ्याला मिळतं तेव्हा त्याला नुसती अक्षरं मिळत नाहीत. त्या नावाकडे येणाऱ्या सगळ्या वाटाही मिळतात, आणि त्या वाटेने येणाऱ्या माणसाला मालक बदलल्याचा पत्ता नसतो.

आता मर्यादांकडे बघू. टिकटॉकवर युजरनेम ३० दिवसांतून एकदा बदलता येतं. यूट्यूबवर हँडल १४ दिवसांत दोनदा बदलता येतं आणि जुनं हँडल १४ दिवस राखून ठेवतात. तेवढे दिवस दोन्ही लिंक चालतात. इन्स्टाग्राम बहुतेक वेळा १४ दिवस जुन्या नावावर परतू देतं. रेडिटवर एकदा घेतलेलं नाव बदलताच येत नाही. अपवाद आपोआप मिळालेल्या नावांचा, तीही सुरुवातीच्या दिवसांत आणि एकदाच.

यातली ३० दिवसांची मर्यादा घ्या. कुणी ती पुरेपूर वापरली तर वर्षाला बारा नावं बदलतील आणि बारा नावं मागे टाकली जातील. म्हणजे मर्यादेने फसवणूक थांबत नाही, तिला फक्त वेळापत्रक मिळतं. माझ्या बाबतीत तर मी पाच वर्षांत एकदाच नाव बदललं होतं. वर्षातून एकदाची मर्यादा असती, दहा वर्षांतून एकदाची असती, तरी जे झालं ते झालंच असतं. मर्यादा मोजते नाव सोडणाऱ्याला आणि नुकसान होतं ते नाव उचलणाऱ्याकडून. दोघे वेगळे आहेत.

मर्यादेचा जाच मात्र साध्या माणसालाच होतो. नवं नाव टाइप करताना एक अक्षर सुटलं आणि ‘सेव्ह’ झालं, की महिनाभर ते चुकलेलं नाव मिरवत बसा. एका ओळखीच्या मुलीच्या हँडलमध्ये ‘chitra’चं ‘chita’ झालं होतं. चित्रांच्या दुकानाला महिनाभर ते नाव! (ती हसून सांगते, पण त्या महिन्यात तिने एकही नवं चित्र टाकलं नाही.) बदल केल्यावर पहिला एक तास तरी चूक सुधारायला मोकळा ठेवायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही.

मर्यादा मुळीच नको असं मी म्हणत नाही. कुणाला सतावून, नाव बदलून, परत त्यालाच सतावायचं हा प्रकार आहेच. रोज नाव बदलणाऱ्याला ब्लॉक केलेलं असलं तरी ब्लॉक क्रमांकाला लागतो, त्यामुळे तो निसटत नाही. पण बघणाऱ्यांना आपण कुणाशी बोलतोय ते कळेनासं होतं. तेवढ्यासाठी मर्यादा ठीक आहे. तिच्याकडून याहून जास्त काम अपेक्षू नये.

मर्यादा आणि राखण यांचा मेळ सर्वांत विचारपूर्वक घातलेला मला दिसला तो एका खेळात, माइनक्राफ्टमध्ये. तिथली कथा मोठी बोधप्रद आहे, कारण तिथे आधी नाव हीच ओळख होती. खेळाचे सर्व्हर कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं याच्या याद्या नावाने ठेवायचे. अशा परिस्थितीत नावं बदलू दिली असती तर हाकललेला खेळाडू नव्या नावाने परत आला असता, आणि त्याचं जुनं नाव घेणारा निरपराध माणूस दारातच अडकला असता. म्हणून आधी त्या याद्या प्रत्येक खेळाडूच्या कायमच्या क्रमांकावर नेल्या गेल्या आणि मगच, २०१५ मध्ये, नाव बदलायची सोय उघडली. क्रम बरोबर होता. आधी ओळख नावापासून सोडवायची, मग नाव मोकळं करायचं.

तिथला नियम असा: नाव ३० दिवसांतून एकदा बदलता येतं आणि सोडलेलं नाव ३७ दिवस कुणालाही मिळत नाही. हा ३७चा आकडा वरवर विचित्र वाटतो, पण त्यात हिशोब आहे. समजा तुम्ही १ तारखेला नाव बदललंत आणि दुसऱ्या दिवशी पस्तावलात. ३० दिवस तुम्ही काहीच करू शकत नाही, कारण मर्यादा आहे. जुनं नाव तिसाव्या दिवशीच मोकळं झालं असतं, तर तुमची मर्यादा आणि नावाची राखण एकाच क्षणी संपली असती आणि तुमची शर्यत साऱ्या जगाशी लागली असती. म्हणून सात दिवस जास्त. तिसाव्या ते सदतिसाव्या दिवसापर्यंत ते नाव फक्त तुम्हीच परत घेऊ शकता. राखणीचा काळ मर्यादेच्या काळापेक्षा मोठा हवा, एवढी साधी गोष्ट. ती किती ठिकाणी पाळली जाते ते तुमच्या फोनमधल्या ॲपांचे नियम उघडून बघा.

पण या शहाण्या नियमाचीही एक दुखरी बाजू आहे. सदतिसावा दिवस संपतो तो क्षण २०२२ पर्यंत तरी सेकंदापर्यंत काढता यायचा. मग एखाद्या छोट्या, छान नावासाठी टपलेले लोक स्क्रिप्ट लावून बसायचे आणि त्या क्षणी शेकडो विनंत्या धाडायचे. अशा झडप घालण्याला तिकडे ‘स्नायपिंग’ म्हणतात. राखणीची मुदत कितीही ठेवा, ती कधीतरी संपणार असेल तर ती संपायची वाट बघणारा असतोच. ३७ दिवस असोत की ३७० दिवस, फरक पडतो तो टपणाऱ्याच्या सबुरीत.

इथे कुणी म्हणेल, खेळातलं नाव गेलं म्हणून असं काय बिघडलं? पुस्तिकेच्या मागचं हँडल गेलं, चार लोकांची फसगत झाली, वाईट झालं पण जग बुडालं नाही. बरं, मग जिथे नाव हा कामाचाच भाग असतो तिथलं बघू.

गिटहब ही प्रोग्रामर लोकांची कोड ठेवायची जागा. तिथे प्रत्येक प्रकल्पाचा पत्ता मालकाच्या युजरनेमने सुरू होतो, आणि तो पत्ता इतरांच्या प्रोग्रामच्या आत लिहिलेला असतो. गो नावाच्या भाषेत दुसऱ्याचं काम वापरायचं तर ओळ साधारण अशी दिसते:

```go
import "github.com/junenav/sadhan"
```

ही ओळ म्हणजे छापील पुस्तिकेचं शेवटचं पान समजा. फरक एवढाच की ती माणूस वाचत नाही, संगणक वाचतो आणि २०१८ च्या सुमारास तरी तो त्या पत्त्यावर जे असेल ते मुकाट्याने उचलायचा. आता ‘junenav’ या मालकाने आपलं नाव बदललं. गिटहब त्याच्या प्रकल्पांच्या जुन्या पत्त्यांवरून नव्याकडे वळण लावून देतं. पण जुनं युजरनेम मात्र दुसऱ्या कुणालाही घेता येतं. तसं कुणी घेतलं आणि ‘sadhan’ याच नावाचा प्रकल्प उघडला, की वळण तुटायचं आणि वरच्या ओळीला नव्या माणसाचा कोड मिळायचा. ज्यांच्या प्रोग्राममध्ये ती ओळ असेल त्यांनी काहीही बदललेलं नसायचं. त्यांच्या बाजूने एकही चूक झालेली नसायची.

हे नुसतं कागदावरचं भय नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये go-bindata या बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या मूळ लेखकाने आपलं अकाउंट काढून टाकलं. पुष्कळांचे प्रोग्राम तयार होईनात. आणि मग कुणीतरी तेच सोडलेलं युजरनेम घेऊन त्यावर त्याच नावाने तोच कोड पुन्हा ठेवला. अडलेले प्रोग्राम परत चालू झाले. कोड निरुपद्रवी होता, ठेवणाऱ्याचा हेतूही अडलेल्यांची सोय करण्याचा दिसत होता. पण ज्यांना हे उशिरा कळलं त्यांच्या पोटात गोळा आला, कारण त्याच जागी त्याला काहीही ठेवता आलं असतं. सज्जन माणूस भेटला म्हणून निभावलं.

गिटहबने पुढे एक कुंपण घातलं. नाव बदलण्याआधीच्या आठवड्यात एखादा सार्वजनिक प्रकल्प १०० हून जास्त वेळा उतरवून घेतला गेला असेल, तर ते मालकाचं नाव आणि प्रकल्पाचं नाव ही जोडी कायमची बाद होते. कुणालाच पुन्हा उघडता येत नाही. ‘कायमची’ हा शब्द लक्षात घ्या. म्हणजे नाव कायमचं बाद करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, हे एका मोठ्या यंत्रणेने मान्य केलं आहे. फक्त ते लोकप्रियांसाठी. आठवड्यात ९० वेळा उतरवला गेलेला प्रकल्प या कुंपणाबाहेर राहतो, आणि वापरणाऱ्या त्या लोकांचा भरवसा काही कमी प्रतीचा नसतो. माझ्या पुस्तिकेचे वाचक तर शंभरच्या कुंपणात आलेच नसते.

याहून वाईट प्रकार मेलच्या बाबतीत झाला. जून २०१३ मध्ये याहूने जाहीर केलं की बारा महिने वापरात नसलेली नावं नव्या लोकांना देण्यात येतील. हेतू चांगला सांगितला होता: लोकांना लांबलचक, आकडे जोडलेल्या नावांऐवजी सुटसुटीत नावं मिळावीत. मधल्या ३० दिवसांत त्या पत्त्यावरचे मेल परत पाठवायचे, म्हणजे पाठवणाऱ्यांना पत्ता बंद झाल्याचं कळेल, अशीही योजना होती. तरी त्याच वर्षी सप्टेंबरपर्यंत नव्या मालकांच्या तक्रारी बातम्यांत आल्या की आपल्याला जुन्या मालकाचे खासगी मेल येताहेत. कारण उघड आहे. वर्षातून एकदाच मेल पाठवणारी संस्था त्या ३० दिवसांत मेल पाठवेलच असं नाही. आणि मेलचा पत्ता ही नुसती पाटी नसते, ती किल्ली असते. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं की नवा पासवर्ड तयार करायची लिंक त्या पत्त्यावर येते. पत्ता ज्याच्याकडे, त्याच्याकडे लिंक.

मग हे निस्तरायला काय केलं गेलं? याहू आणि फेसबुक इथल्या लोकांनी मिळून मेलसाठी एक नवं शीर्षक बनवलं. २०१४ मध्ये ते इंटरनेटच्या नियमपत्रांत RFC 7293 या क्रमांकाने प्रसिद्ध झालं. मेलच्या माथ्यावर अशी एक ओळ घालायची:

```
Require-Recipient-Valid-Since: june.nav@example.com; Sun, 4 Mar 2012 10:15:00 +0000
```

अर्थ असा की हा पत्ता ४ मार्च २०१२ पासून आजपर्यंत सलग एकाच माणसाकडे असेल तरच हा मेल पोचवा, नाहीतर परत करा. कल्पना हुशारीची आहे, नाकारत नाही. पण ती चालायला पाठवणाऱ्याने ओळ घातली पाहिजे आणि घेणाऱ्याच्या सर्व्हरला ती समजली पाहिजे. पाठवणारे जगभर अगणित. एका कंपनीने नावं पुन्हा वाटायची ठरवली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या धोक्याची काळजी बाकीच्या सगळ्यांनी आपापल्या मेलमध्ये एकेक ओळ वाढवून घ्यायची! जीमेलने हा प्रश्न एका वाक्यात मिटवला आहे: बंद केलेला पत्ता पुन्हा कुणालाही मिळत नाही. त्यामुळे तिथे नावं संपल्याचं काही ऐकिवात नाही.

नावं संपतील ही भीती तपासूनच बघू. २६ इंग्रजी अक्षरं, १० अंक आणि एक अंडरस्कोर धरले तर चार खुणांची नावं होतात १८,७४,१६१. एवढी खरोखरच संपतील. पण दहा खुणांची नावं करायला गेलात तर आकडा ४८ वर १४ शून्यं इतका होतो. त्यातली बहुतेक निरर्थक असणार हे मान्य, पण उरलेलीही माणसांना पुरून उरतील. टंचाई आहे ती आखूड, चटकन लक्षात राहणाऱ्या नावांची, आणि त्या नावांना खरेदीदार आहेत. जुलै २०२० मध्ये ट्विटरच्या आतली यंत्रणा हाती लागल्यावर चोरांनी नामवंतांच्या अकाउंटांआधी हात मारला तो अशा आखूड नावांवर, विकण्यासाठी. नावं बाद केली तरी अख्खं अकाउंटच विकलं जाईल, हा आक्षेप बरोबर आहे आणि त्यावर माझ्याकडे इलाज नाही. पण आखूड नावं हवी असणाऱ्या मूठभरांची हौस भागावी म्हणून लांब, साधी, कुणालाच नको असलेली नावंही फसवणाऱ्यांसाठी मोकळी सोडायची, हे गणित उलटं आहे. माझं जुनं हँडल कुणाही भल्या माणसाला हवंसं वाटण्याजोगं नव्हतं. त्यात माझं जन्मसाल होतं!

खर्चाचंही तसंच. बाद नावाची नोंद ठेवायला नाव, जुना क्रमांक आणि तारीख एवढं पुरतं. एका नोंदीला शंभर बाइट धरा. एक कोटी बाद नावं म्हणजे एक जीबी. खिशातल्या पेनड्राइव्हवर मावतील.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो. जुनं नाव कायमचं माझंच राहणार असेल, तर ते माझा पिच्छाही कायमचाच करेल. सगळेच काही हौसेने नाव बदलत नाहीत. कुणी पाठलाग करणाऱ्यापासून सुटायला बदलतं, कुणी मोडलेल्या संसारातलं आडनाव टाकायला, कुणी आपली ओळखच नव्याने मांडताना. अशा माणसाच्या जुन्या नावावरून नव्याकडे आपोआप वळण लागलं, तर त्याने केलेला सगळा खटाटोप वाया. माइनक्राफ्टने २०२२ मध्ये खेळाडूंच्या जुन्या नावांची यादी मागण्याची सोय बंद केली ती खेळाडूंच्या सुरक्षिततेचंच कारण देऊन. ते योग्यच झालं.

पण हा आक्षेप वळणाला आहे, बाद करण्याला नाही. या दोन गोष्टी नेहमी एकत्र मिसळल्या जातात. जुन्या नावावर आलेल्याला नव्याकडे नेणं हे वळण, आणि जुनं नाव दुसऱ्याला न देणं ही राखण. वळण हवं की नको हे नाव सोडणाऱ्याने ठरवावं, आणि कधीही फिरवता यावं. मी ते चालू ठेवलं असतं. पाठलागाला कंटाळलेली बाई बंद ठेवेल. राखण मात्र कुणाच्या मर्जीवर नको. वळण बंद असेल तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला एवढंच दिसावं: ‘हे नाव आता वापरात नाही.’ कुणाचं होतं, कुठे गेलं, काहीही नाही. त्यात कुणाचं गुपित फुटत नाही आणि कुणाला फसवायलाही जागा उरत नाही.

आणि जो परत येऊ पाहतो त्याला? चार वर्षांनी वाटलं की जुनंच नाव बरं होतं, तर त्याला ते मिळावं. दुसऱ्या कुणाला दिलेलंच नसेल तर अडचण कसली? आज १४ दिवसांत ठरवा, ३० दिवसांत ठरवा अशी जी घाई लावली जाते ती तेवढ्यापुरती उरतच नाही.

तूर्त नियम आहेत तसे आहेत, त्यामुळे नाव बदलणाऱ्याला एक पळवाट सांगते. मला उशिरा कळली. नाव बदलल्याबरोबर, त्याच मिनिटाला, दुसरं रिकामं अकाउंट उघडून जुनं नाव स्वतःच घेऊन टाकायचं. विकिपीडियाच्या संपादकांमध्ये हे उघडपणे चालतं: नाव बदललं की जुन्या नावाचं खातं स्वतःच पुन्हा उघडून त्यावर ‘हा मीच’ अशी नोंद ठेवतात, म्हणजे तोतया येत नाही. पण जुनं नाव राखून ठेवलेलं असतं त्या काळात काही ठिकाणी ते तुमच्या दुसऱ्या अकाउंटलाही मिळत नाही, आणि राखण नेमकी कधी उठते हे कुठे लिहिलेलं नसतं. मग तुम्हीही टपून बसणाऱ्यांच्या रांगेत. आपल्याच नावासाठी.

माझ्या पुस्तिकेच्या ५०० प्रती छापल्या होत्या. १४० घरात शिल्लक आहेत. त्यांच्या शेवटच्या पानावर नव्या हँडलची चिठ्ठी मी हाताने चिकटवते आहे, रोज दहा-पंधरा. बोटभर रुंदीची पांढरी पट्टी, खाली जुनं नाव पुसट दिसतं म्हणून दोनदा लावावी लागते. उरलेल्या ३६० कुणाकुणाच्या घरी आहेत ते मला माहीत नाही.